मानाची यादी, पाण्याची वाट

माझं शिक्षण तिसरी. चौथीत मी दोन पावसाळे बसलो, पण मास्तरांचं आणि माझं भूगोलावरून बिनसलं. नदी डोंगरात उगम पावते असं ते म्हणत. मी म्हणे, डोंगरावर मी गुरं घेऊन जातो, तिथं मला प्यायला पाणी मिळत नाही, नदी कुठून निघेल? छडी खाल्ली आणि घरी आलो, तो पुन्हा गेलो नाही. मास्तरांचं खरं होतं हे पुढं कळलं. पण तोवर मी चाकणच्या बैलबाजारात दलाल म्हणून नावारूपाला आलो होतो, त्यामुळं कबूल करायची वेळच आली नाही.

बैल मुका असतो. त्याच्या वतीनं कुणीतरी बोलावं लागतं, तो मी. माझं तोंड असं होतं की धनी स्वतःचाच बैल विकायला आणून माझं बोलणं ऐकून म्हणायचा, राहू द्या, घरी नेतो. एकदा खरंच नेला. माझी दलाली बुडाली, पण मी ती गोष्ट अजून अभिमानानं सांगतो, म्हणजे बघा.

हे सगळं सांगायचं कारण, याच तोंडाच्या भरवशावर मी एकदा इतिहास लिहायला घेतला होता.

तेव्हा पिंपरीला औषधाचा कारखाना नुकता चालू झाला होता आणि आमच्या बाजूची पोरं सायकलीवर डबा बांधून कामाला जायला लागली होती. आमचं गाव भामेच्या काठी, चाकणच्या पलीकडं. गावात एक रीत होती. पाडव्याला मारुतीच्या देवळात पंचांग वाचलं की पाठोपाठ गावची हकीकत वाचायची. हकीकत म्हणजे पुराची. आमचं गाव पूर्वी खाली, नदीला लागून होतं. एका पुरात ते बुडालं आणि मग वर टेकाडावर बसलं. त्याचे मोडी कागद कुळकर्ण्यांच्या दप्तरात होते. शाळेतून पेन्शनीत निघालेल्या गुरुजींनी ते वर्षानुवर्षं बसून बाळबोधीत उतरवून काढले होते आणि दर पाडव्याला तेच ते वाचत. छडीवाले मास्तर हे नव्हेत. हे फार शांत गृहस्थ, आणि तीच अडचण होती.

गुरुजी वाचायला लागले की पहिल्यांदा बायका उठायच्या, त्यांना पुरणाचं बघायचं असे. मग तरणी पोरं. मग म्हातारे बसल्या जागी डुलक्या काढायचे. शेवटी जागं कोण, तर मारुती, आणि देवळाच्या ओट्याखाली लिंबाजवळ बसलेला म्हातारा वेसकर. वेशीची राखण त्याच्या घराण्याकडं पिढ्यान्पिढ्या. त्याची जागा ओट्याखालीच, तिथंच त्यानं बसायचं. आम्हाला कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मलाही नाही. मी त्याच्या मुलाच्या वयाचा, पण त्याला अरे-तुरे करायचो.

त्या साली पाटील म्हणाला, पुरे झालं हे. पाटील हाच सरपंच. त्यानं कर्णा भाड्यानं आणायचा ठरवला, रेकॉर्डी लावायला. गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला होता, वाचणं तसंही कठीण झालं होतं. ते माझ्याकडं आले आणि म्हणाले, "दलाल, तू वाचशील का? तुझ्या तोंडाला लोक बसतात."

मी म्हटलं, "वाचतो. पन असंच न्हाई वाचनार. ह्येच्यात जीव न्हाई."

"मग जीव घाल," गुरुजी म्हणाले. "पण एक अट. पदरचं काही घालायचं नाही."

ही अट म्हणजे मला चेष्टा वाटली. बाजारात बैल आणताना शिंगं साळतात, तेल लावतात, रंगवतात. ते काय पदरचं घालणं असतं? बैल तोच असतो. मी हो म्हणालो आणि घरी जाऊन शिंगं रंगवायला बसलो.

चार रात्री लिहिलं. बायको म्हणाली, "बैलांच्या कोंड्याचा हिशोब कधी एवढा न्हाई केला." मी तिला वाचून दाखवलं. ती रडली. मला वाटलं झालं, आता पुण्यापर्यंत आपलं नाव जाणार.

मग चावडीत चार माणसं बोलावून मी ते वाचलं. त्यात काय नव्हतं! अमावास्येची काळोखी रात्र होती. आभाळ फाटलं होतं. विजा कडाडत होत्या. पाटलाचा खापरपणजा घोड्यावर मांड ठोकून पाण्यात शिरला आणि घरोघर ओरडत गेला, "उठा रे, काळ आला!" एका हातात मशाल, दुसऱ्या हातात कुणाचं तरी तान्हं मूल. लगाम कशात धरला हे मी लिहिलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. पाटील तर एवढा फुलला की म्हणाला, कर्णा राहू द्या, दलालाला पाडव्याला फेटा बांधू. मी त्या दिवशी चावडीवरून घरी चालत गेलो नाही, तरंगत गेलो.

गुरुजी मात्र भिंतीला टेकून बसले होते. सगळे गेल्यावर म्हणाले, "माझे कागद आण."

मी आणले. त्यांनी कागद डोळ्यांशी नेला. "काय लिहिलंय इथं? वाच."

मी वाचलं. "श्रावण वद्य दशमी, प्रहर रात्र राहिली असता नदीस पाणी आले."

"दशमी. तुझ्याकडं अमावास्या कुठून आली?"

"काळोख पायजे व्हता, गुरुजी."

"वद्य दशमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. पहाटेच्या प्रहरी तो वर आलेला असतो. तू शेतकऱ्याचा मुलगा ना? आणि पाऊस कुठं आहे?"

मी वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. पाऊस नव्हता. अख्ख्या कागदात पाऊस नव्हता.

"पूर हाय म्हंजे पाऊस आसनारच की!"

"घाटात. तिकडं पश्चिमेला डोंगरात पडला असेल आणि इथं एक थेंब नसेल. असं किती वेळा बघितलंयस तू? कोरड्या दिवशी नदी फुगून आलेली?"

बघितलं होतं. दर श्रावणात बघत होतो. नदी डोंगरातून येते हे मला दुसऱ्यांदा शिकावं लागलं, आणि या खेपेला छडीशिवाय.

"बरं," गुरुजी म्हणाले, "आता चौथं पान. गुरांची यादी."

मी वाचत गेलो. बैल, गाई, शेळ्या. आणि मग, "पाटलाची घोडी एक, वाहून गेली."

गुरुजी कधी हसत नसत. तेव्हा हसले. "वाहून गेलेल्या घोडीवर बसून पाटील घरोघर कसा फिरला, एवढंच मला सांग. आणि मुळात हाळी कुणी दिली?"

ते मला पाठ होतं, कारण मीच ते खोडलं होतं. पहिल्याच पानावर होतं. 'वेसकराने हाळी घातली. लोक टेकाडावर गेले.' एवढंच. हाळी द्यायला मला घोडेस्वार शोभून दिसला, म्हणून मी वेसकराला काढून टाकला होता. बाजारात एखाद्या जोडीतला मरतुकडा बैल मागं उभा करतो तसा.

मी तरीही भांडलो. माझा स्वभावच तो. म्हणालो, लोकांना आवडलं की न्हाई? गुरुजी म्हणाले, "आवडलं. म्हणूनच भीती वाटते. माझं कुणी ऐकलं नाही, म्हणून निदान काही बिघडलं तरी नाही. तुझं लोक लक्षात ठेवतील."

मी तरातरा बाहेर आलो. चावडीच्या पायरीखाली म्हातारा वेसकर उभा होता. चावडीवर हजर राहणं हे त्याचं कामच, तेव्हा त्यानं सगळं ऐकलं होतं.

"दलाल," तो म्हणाला, "घोडं झ्याक पळवलंत. पर आमचा मानूस कुटं गेला?"

मी म्हणालो, "अरं, चार शब्द तर हायेत त्येचे."

"व्हय, चारच हायेत. त्येवडंच ऐकाया म्या दर पाडव्याला बसतुया. गुरुजींचं बाकीचं मला बी कळत न्हाई." आणि मग जरा थांबून, "अवंदा शेवटलं. पोरगं पिंपरीला कारखान्यात लागलंय. म्हनतंय आता वेस राखायची न्हाई, हितं ऱ्हायाचं बी न्हाई. पाडवा झाला की चाललो. तवा म्हनलं, अवंदाच्याला तेवडं ऐकून जावं."

एवढं बोलून तो गेला. रागावला असता तर बरं झालं असतं. रागाला मी भारी उत्तर देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुजींकडं गेलो आणि म्हणालो, तुमचं खरं म्हणून आलो नाही, मला नवीन लिहायचंय म्हणून आलो. ते म्हणाले, ये, बस. मी म्हटलं, पण गुरुजी, वेसकराला नाव नाही, बोलणं नाही, तोंडवळा नाही. चार शब्दांत जीव कसा घालायचा? गुरुजी म्हणाले, "कागदातलं उचल. कागदात नाही ते जमिनीवर बघ. तिथंही नाही ते पंचांगात बघ. कुठंच नसेल, तर नाही म्हणून सांग. लोकांना तेही ऐकायला आवडतं, मला कधी सांगता आलं नाही एवढंच."

मग आम्ही जुन्या गावठाणात गेलो. रब्बीची ज्वारी निघाली होती, रान उघडं होतं. म्हाताऱ्या वेसकरालाही मी बोलावलं. जुन्या वेशीचे दोन धोंडे अजून उभे होते, एकात दरवाजा फिरायचं भोक होतं. मी त्या भोकात मूठ घालून बघितली. मूठ पुरी आत गेली. हे लिहू का, असं मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "हे शंभरदा लिही."

एवढ्यानं मला जोर चढला. मी म्हणालो, आता हाळी देऊन बघतो. गुरुजी, तुम्ही वर टेकाडाशी उभे राहा, कुठपर्यंत ऐकू येतं ते सांगा. ते बिचारे काठी टेकत गेले. मी वेशीत उभा राहून पोटातून ओरडलो. शेजारच्या रानातला धनगर मेंढरं सोडून काठी घेऊन धावत आला, त्याला वाटलं लांडगा आला. त्याची समजूत काढेपर्यंत माझा घसा बसला. वरून गुरुजी आले आणि म्हणाले, काही ऐकू आलं नाही.

मी नाचलोच. "म्हंजे वेसकर नुसता वेशीत हुबा ऱ्हाऊन वरडला नसनार! घरोघर गेला आसनार! शाबीत झालं!"

"शाबीत काय झालं? तुझा घसा बाजारात फाटलेला. त्याचा कसा होता? आणि तेव्हा वारा कुठला होता? पाण्याचा आवाज किती होता? माझे कान किती वर्षांचे आहेत?" गुरुजी धापा टाकत बोलत होते. "तुझ्या ओरडण्यानं एवढंच शाबीत झालं की तू ओरडलास."

म्हातारा वेसकर तोंडाला उपरण्याचं टोक लावून हसत होता. त्याला हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

मी वैतागून वेशीच्या धोंड्यावर बसलो आणि यादी काढली. घरं पडली त्यांची यादी. कागदात ती मानानं लिहिलेली. पहिलं पाटलाचं घर, मग कुळकर्ण्याचं, मग चौगुला, मग बाकीची कुणबी घरं, सुतार, लोहार, कुंभार, आणि सगळ्यांत खाली वेसकर. प्रत्येक घरापुढं काय गेलं ते. कुणाचा रांजण, कुणाचं जातं, कुणाचे नांगर. आमच्या गावात पंगत बसते त्याच क्रमानं. मी वाचत होतो आणि समोर जमीन बघत होतो. गुरुजींनी दुसऱ्या एका कागदावरून कुठलं घर कुठं होतं ते सांगितलं. पाटलाचा वाडा सगळ्यांत वर, टेकाडाच्या पायथ्याशी. वेसकराचं घर वेशीबाहेर, नदीकडं.

बैल दिसायला कसेही असोत, गोठ्यातून बाहेर काढायचे तर जो दाराशी बांधलाय तो आधी निघतो. मला एवढंच कळत होतं. मी म्हणालो, "गुरुजी, पाणी मान बघून आलं आसंल का?"

"म्हणजे?"

"म्हंजे ही यादी उलटी हाय. पाणी खालून आलं. मी खालून वाचली तर? एक शब्द बदलनार न्हाई. निस्ती खालून वर."

गुरुजींनी काठी धोंड्याला टेकवली. मग म्हणाले, "वाच."

मी शेवटचं कलम पहिलं वाचलं. 'वेसकराचे घर एक, पडले.' पण मयतांची यादी वेगळ्या पानावर होती; ज्या घरचं माणूस गेलं त्या घरापाशी ते वाचावं म्हणून ते पान काढलं. मयत फक्त तीन होते. 'मयत असामी तीन, वेसकराचे घरची. बायको एक, मुले दोन.'

हे गुरुजींनी दर पाडव्याला वाचलं होतं. पहिल्या पानावर हाळी, पाचव्या पानावर मयत, आणि मध्ये सगळ्या गावाची जाती आणि रांजणं. मी चार-पाच वर्षं तरी जागा राहून ऐकल्याचं आठवतं, पण ही दोन्ही कलमं एकाच घरची आहेत हे कधी ध्यानात आलं नव्हतं. गुरुजींच्याही नसावं, कारण त्यांनी कागद माझ्या हातून घेतला आणि पुन्हा डोळ्यांशी नेला.

मी लगेच बोललो. माझं तोंड थांबत नाही, हा त्याचा रोगच. "म्हंजे पोरांना टाकून तो गाव उठवाया धावला!"

"कागदात आहे?"

"न्हाई. पन दिसतंय की!"

"कदाचित पोरं आधी गेली असतील आणि मग तो ओरडला असेल. कदाचित घरी नसेलच. कदाचित त्यांना वर काढून दिलं आणि ती परत फिरली असतील. यातलं काय झालं?"

मी म्हाताऱ्याकडं वळलो. "तुमच्यात काय सांगत्यात?" तुमच्यात म्हणालो, तुझ्यात नाही, हे मला नंतर घरी गेल्यावर ध्यानात आलं.

तो म्हणाला, "काय न्हाई सांगत. म्या ल्हान आसताना आज्याला इचारलं व्हतं. त्यो उटून ग्येला. पुन्यांदा इचारलं न्हाई."

"ह्ये लिहू का?" मी विचारलं.

"त्यो उटून ग्येला हे खरं हाय. लिवा."

लिहायला मला आठ-पंधरा दिवस लागले. चार रात्रींत खोटं लिहून झालं होतं, खऱ्याला वेळ लागला. एखादं वाक्य बसलं की मी उड्या मारत गुरुजींकडं जाई आणि ते बोट ठेवून विचारत, हे कुठलं? 'लोक घाबरले' म्हटलं, तरी हे कुठलं? मी म्हटलं, गुरुजी, पुरात माणूस घाबरणार नाही तर काय लावणी म्हणेल? ते म्हणाले, मग लिहूच नकोस, ऐकणारा आपोआप घाबरेल, तू पाणी कुठं आलं तेवढं सांग. मी भांडलो, लिहिलेलं ठेवलं, आणि रात्री मोठ्यानं वाचून बघितल्यावर गुपचूप खोडलं. त्यांना कळू नये म्हणून पान नवीन लिहून नेलं. त्यांना कळलंच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ते दुरुस्त करत नसत. म्हणत, वाचताना ऐकू येत नाहीत.

पाडव्याच्या आधी पाटलानं मला बाजारात गाठलं. मी एका गिऱ्हाइकाशी रुमालाखाली बोटांनी सौदा करत होतो, त्याच्यापुढंच.

"काय दलाल, आमचा घोडा बसला का?"

"घोडी व्हती, पाटील. बसली न्हाई. वाहून ग्येली."

"म्हंजे?"

मी सांगितलं. यादी खालून वाचणार हेही सांगितलं. पाटलाचा चेहरा उतरला. "म्हंजे आमी शेवटी? गावात आमचं नाव पयलं घेत्यात."

"पानी तुमच्यापातूर शेवटी आलं, पाटील. ह्ये तुमचं नशीब म्हना की."

"लोक उठाया लागले की कर्णा लावनार बघ मी," पाटील म्हणाला आणि गेला. गिऱ्हाईकही रुमालातून बोटं काढून गेलं. त्याला वाटलं, ज्याची घोडी वाहून गेली त्याच्याकडून बैल घेऊ नये.

पाडव्याला कर्णा आणलेला होता. देवळाच्या खांबाला बांधला होता आणि कर्णेवाला पेटीपाशी तयारीत बसला होता. पंचांग झालं. बायका सवयीनं उठल्या. मी कागद धरून उभा राहिलो तो पान उलटं धरलेलं. मोठे बाजार गाजवलेला मी. पहिलं वाक्य मी वाचलं ते असं: 'जुन्या वेशीच्या धोंड्याला एक भोक आहे, त्यात माझी मूठ जाते.' उठलेल्या बायकांतली एक थांबली. तिच्या माहेरच्या वाटेवर ते धोंडे होते.

मग तिथी सांगितली. चंद्र उगवलेला होता. ढग होते का ते कागदाला ठाऊक नाही. इथं पाऊस होता का तेही नाही. नदीला पाणी आलं. वेसकरानं हाळी घातली. आणि मग मी वेशीपासून वर निघालो, एकेक घर घेत, कागदातल्याच शब्दांत. कुंभाराची भट्टी. लोहाराचा भाता. अमक्याचं जातं. लोक आपापलं घर येईल म्हणून वाट बघायला लागले. एका म्हातारीनं मध्येच ओरडून सांगितलं, "ते जातं आमचंच!" पण हे नंतरचं. सगळ्यांत आधी मी वेसकराचं घर वाचलं. घर एक, पडले. मयत तीन. बायको एक, मुले दोन.

इथं मी थांबलो. थांबायचं ठरवलेलं नव्हतं, पुढचं वाक्य डोळ्यांना सापडेना.

कुणीतरी विचारलं, "मंग त्यो?"

मी वाचलं: 'हाळी आधी की घर आधी, हे कागदात नाही. त्याचं पुढं काय झालं तेही नाही. त्याच्या नातवाच्या नातवानं आपल्या आज्याला विचारलं तेव्हा आजा उठून गेला. पण वंश राहिला एवढं खरं, कारण तो या वक्ताला खाली लिंबापाशी बसला आहे.'

सगळं देऊळ वळलं. ओट्याच्या कडेला बसलेले वाकून बघायला लागले. म्हाताऱ्यानं उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं, पुन्हा काढलं, आणि कुणाकडंच न बघता जमिनीकडं बघत बसला. कुणी त्याला वर बोलावलं नाही. मीही नाही. तेवढी अक्कल मला यायला आणखी काही वर्षं लागली. पण त्या दिवशी कुणी उठूनही गेलं नाही, आणि कर्णेवाल्यानं पेटी उघडली नाही.

पाटलाचं घर शेवटी आलं. घोडी एक, वाहून गेली. लोक हसले. पाटीलही हसला, मिशीतल्या मिशीत. फेटा मात्र मिळाला नाही.

संपल्यावर मी ओट्यावरून उतरलो तो सरळ लिंबाकडं. मनात म्हणालो, आता हा आपल्याला काहीतरी बोलेल, आणि मी म्हणेन छे छे. तो म्हणाला, "गुरुजींपरीस मोट्यानं वाचता. चार शब्द बरूबर आलं." आणि मग, "पर मला कशापायी दावलंत? माझ्या पायताणाचा आंगठा तुटलाय, समद्यांनी बघितला."

मी म्हणालो, पुढच्या साली असंच वाचणार.

"पुढल्या साली म्या न्हाई लिंबापाशी. मग ते खोटं हुईल."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझं सगळ्यांत झकास वाक्य, ज्यावर अख्खं देऊळ वळलं, ते वर्षभरात सडणार होतं. गुरुजींना सांगितलं तर ते म्हणाले, "काढावं लागेल." मी तीन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

पुढच्या पाडव्याच्या आधी मी सायकल काढली आणि पिंपरीला गेलो. कारखान्याच्या मागं पत्र्याच्या चाळी होत्या, विचारत विचारत खोली सापडली. म्हातारा दारात बसला होता. मी पाणी मागून प्यालो आणि म्हणालो, वाक्य बदलायचंय, तुम्ही पिंपरीला असता असं लिहू का? तो म्हणाला, लिवा की. परत येताना चऱ्होलीच्या पुढं सायकल पंक्चर झाली, ती ढकलत आणली, पण वाक्य खरं करून आणलं. त्या साली देवळात ते वाचलं तर एकजण म्हणाला, मागल्या वर्साचं बरं व्हतं. मी वाचता वाचता त्याला शिवी दिली, देवळात.

तेव्हापासून दर फाल्गुनात एक खेप ठरून गेली. गुरुजी होते तोवर विचारायचे, "बघून आलास?" ते गेल्यावर मला विचारणारं कुणी उरलं नाही, तरी मी जातच राहिलो, कारण न बघता वाचायचं म्हटलं की मला ते धुरकट डोळे कागदाजवळ आलेले दिसायचे. सायकल जाऊन एसटी आली. खोल्या बदलल्या, म्हातारा वाकत गेला. मला बघितलं की तो आतल्या सुनेला सांगायचा, चहा ठेव, दलाल आले. आणि मी टेकायच्या आत माझ्याकडं वळून म्हणायचा,

"वाचा अवंदा बी. आजून खरं हाय."